सुरक्षा सेवेच्या कराराचा सारांश: पॉइंट, पाळ्या, दंड आणि बिल यांचा मेळ कसा घालावा?

अनुजा_खराडी

नमस्कार. खराडी येथील एका कार्यालयीन इमारतीची सुविधा व्यवस्थापक म्हणून मी नुकताच कार्यभार घेतला आहे. सुरक्षा एजन्सीशी झालेला करार परिशिष्टांसह चाळीस पानांच्या आसपास आहे. रात्रपाळीचा पर्यवेक्षक किंवा आमचा लेखा विभाग तो कधी उघडून पाहणार नाही, हे मला दिसते आहे. म्हणून कोणत्या पॉइंटवर किती गार्ड, पाळ्या कशा भरायच्या, दंड केव्हा व किती आणि बिल कशाच्या आधारे मंजूर करायचे, एवढेच सांगणारा दोन पानांचा सारांश मला तयार करायचा आहे.

पहिल्याच भागात अडचण आली. कराराच्या कलम 4 मध्ये "18 सुरक्षारक्षक व 3 पर्यवेक्षक पुरवले जातील" असे म्हटले आहे. परिशिष्ट अ मध्ये मात्र पॉइंटची यादी आहे: मुख्य दार 2, मालवाहतुकीचे मागचे दार 1, तळघरातील पार्किंग 1, सीसीटीव्ही नियंत्रण कक्ष 1. हे पाचही पॉइंट चोवीस तास, आठ तासांच्या तीन पाळ्यांत आहेत. शिवाय स्वागतकक्षात एक महिला गार्ड, फक्त पहिल्या पाळीत, सोमवार ते शनिवार. म्हणजे दिवसाला 16 ड्युट्या होतात. सारांशात 18 लिहावे की 16? करारात असे कलमही आहे की परिशिष्ट आणि मुख्य मजकूर यांत विसंगती आढळल्यास मुख्य मजकूर ग्राह्य धरला जाईल.

कोथरूड_सोसायटी

आमच्या सोसायटीतही हाच विषय सध्या गाजतो आहे. एजन्सीचा गार्ड रात्री दोननंतर खुर्चीत झोपलेला असतो आणि समिती करार रद्द करण्याच्या विचारात आहे. खासगी एजन्सी सोडून सुरक्षा रक्षक मंडळाकडून गार्ड घ्यावेत, असे काही सभासदांचे म्हणणे आहे. आपण कोणती एजन्सी निवडावी याबद्दल विचारत असाल, तर सर्वप्रथम 2005 च्या कायद्याखालचा परवाना तपासा, एवढे मी आवर्जून सांगेन.

अनुजा_खराडी

आभारी आहे, परंतु एजन्सीची निवड पूर्वीच झाली आहे आणि परवान्याची प्रत आमच्याकडे आहे. माझा प्रश्न हातात असलेल्या कराराचा सारांश कसा लिहावा, एवढाच आहे. मंडळाकडून गार्ड घेतल्यास वेतन आणि लेव्ही मंडळाकडे भरावी लागते, त्यामुळे तिथले बिलाचे नियम मुळातच वेगळे असतात. त्यासाठी आपण स्वतंत्र धागा काढलात तर जाणकारांची उत्तरे नक्की मिळतील.

हिशेबनीस

अनुजाताई, 18 आणि 16 यांत मला विसंगती दिसत नाही. हे दोन वेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत आणि सारांशात दोन्ही लिहायला हवेत, मात्र एका ओळीत नव्हे. 16 म्हणजे एका दिवसात उभ्या असायला हव्यात अशा ड्युट्या. 18 म्हणजे त्या भरण्यासाठी एजन्सीने पटावर ठेवायची माणसे. आठवड्याची सुट्टी धरली तर एक माणूस महिन्यात साधारण 26 ड्युट्या करतो, आणि पॉइंटला मात्र सुट्टी नसते.

आता चार रविवार असलेला 30 दिवसांचा महिना घ्या. चोवीस तासांच्या पाच पॉइंटच्या दिवसाला 15 ड्युट्या, म्हणजे महिन्याला 450. स्वागतकक्षाच्या 26. एकूण 476. पटावरची 18 माणसे प्रत्येकी 26 प्रमाणे 468 ड्युट्या करू शकतात. म्हणजे एकही माणूस आजारी पडला नाही, कुणी गावी गेले नाही, तरीही आठ ड्युट्या उघड्या पडतात. त्या बाहेरच्या रिलीव्हरकडून भरल्या जातात किंवा डबल ड्युटीने, आणि बहुतेक ठिकाणी डबल ड्युटीनेच. पर्यवेक्षकांचे गणित तर आणखी तोकडे आहे: तीन पाळ्यांना तीन माणसे म्हणजे त्यांना आठवड्याची सुट्टी मिळण्याची सोयच कागदावर नाही. तिथे चौथा माणूस लागतो.

म्हणून तैनातीचा भाग पॉइंटच्या नावाने लिहा, माणसांच्या संख्येने लिहू नका. प्रत्येक पॉइंटपुढे पाळीची वेळ, वार आणि "रिकामा चालतो का" याचे उत्तर असावे. नियंत्रण कक्ष क्षणभरही रिकामा चालत नाही, पण रात्री अकरानंतर मुख्य दाराच्या दोनपैकी एक गार्ड अर्धा तास मागच्या दाराला हलवता येतो का, हे पर्यवेक्षकाला कागदावर दिसले पाहिजे. करारात तसे नसेल तर "परवानगी नाही" असेच लिहा.

चाकण_प्लांट

आमच्या कारखान्यात अनेक वर्षे एकच पद्धत आहे. मासिक दराला 26 ने भागायचे, येईल तो एका ड्युटीचा दर, आणि हजेरीपटावर जितक्या ड्युट्या तितक्याने गुणायचे. नियम इतका सरळ असताना सारांशात पॉइंट, पट असा घोळ कशाला घालायचा? बिल ड्युटीवर येते, ड्युटीवर तपासावे. कायद्यानेही महिना 26 दिवसांचाच धरतात.

हिशेबनीस

आपल्या करारात ते बरोबर असेल, पण ते दराच्या फोडीवर अवलंबून आहे. अनुजाताई, आपल्या परिशिष्टात दराची फोड दिली आहे का? त्यात रिलीव्हर या नावाची ओळ आहे का, ते कृपया पाहून सांगा. बिलाचा सगळा भाग त्या एका ओळीवर ठरेल.

अनुजा_खराडी

आहे. परिशिष्ट ब मध्ये गार्डसाठी वेतन, भत्ते, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, गणवेश आणि सेवाशुल्क मिळून 24,000 रुपये, त्याखाली "रिलीव्हर, एक षष्ठांश" म्हणून 4,000 रुपये, आणि एकूण 28,000 रुपये प्रति महिना असे मांडले आहे (आकडे मी येथे गोल करून देत आहे, पर्यवेक्षकांचा दर वेगळा आहे). कलम 9 मध्ये "परिशिष्ट ब मधील दराने, प्रत्यक्ष हजेरीनुसार" एवढेच म्हटले आहे, कशाने भागायचे ते नाही. एजन्सीचे बिल 28,000 ला 26 ने भागून आले आहे.

हिशेबनीस

मग हे बिल सही करण्यापूर्वी थांबवा.

एक षष्ठांश का, हे पाहिले की बाकीचे आपोआप उलगडते. सहा दिवस काम केलेल्या माणसाच्या सातव्या दिवशी दुसरा माणूस उभा करायचा, त्याचा हा खर्च आहे. 26 दिवसांत एक षष्ठांश मिळवला की 30 आणि थोडे वर होतात, म्हणजे सरासरी महिना पूर्ण भरतो. त्यामुळे 28,000 हा एका माणसाचा 26 दिवसांचा दर राहत नाही. तो एका पॉइंटची एक पाळी महिनाभर, रविवारसकट, भरलेली ठेवण्याचा दर होतो. त्याला पुन्हा 26 ने भागून 30 ने गुणले तर एका पाळीचे 32,308 रुपये होतात. रिलीव्हरचे पैसे एकदा दरात घेतले आणि दुसऱ्यांदा भागाकारात.

आपल्या इमारतीचे पूर्ण महिन्याचे चित्र असे दिसेल. 15 पाळ्या प्रत्येकी 28,000 प्रमाणे 4,20,000. स्वागतकक्षाच्या महिला गार्डचा पॉइंट रविवारी बंद असतो, तिथे रिलीव्हरचा प्रश्नच नाही, म्हणून 24,000. एकूण 4,44,000. एजन्सीच्या पद्धतीने 476 ड्युट्यांचे 5,12,615 होतात. फरक दरमहा 68,615 रुपयांचा आहे, आणि त्यावर जीएसटी वेगळा.

चाकणच्या सदस्यांच्या दरात रिलीव्हरची ओळ नसेल तर त्यांचा 26 चा भागाकार योग्यच आहे. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, फक्त एका करारात दोन्ही एकदम असू शकत नाहीत.

चाकण_प्लांट

आमची फोड आताच काढून पाहिली. रिलीव्हरची ओळ नाही, त्यामुळे आमचे बरोबर आहे. मात्र एक शंका उरतेच. आपण म्हणता तसा पॉइंटचा दर धरला तर 31 दिवसांच्या महिन्यात एजन्सीला एक दिवस फुकट द्यावा लागतो, आणि फेब्रुवारीत आपण दोन दिवसांचे जास्त देतो. हे एजन्सी मान्य करेल?

हिशेबनीस

वर्षभरात ते जवळजवळ जुळते. दर सरासरी महिन्याचा असल्याने पूर्ण भरलेल्या पाळीला 28 दिवस असोत वा 31, रक्कम तीच राहते. फक्त ड्युटी रिकामी राहिली तर वजावट काढताना त्या महिन्याच्या दिवसांनी भागावे, हे सारांशात एका वाक्यात लिहावे. स्वागतकक्षासाठी मात्र त्या महिन्यातील सोमवार ते शनिवारच्या दिवसांनी. हे वाक्य नसेल तर लेखा विभाग एका महिन्यात 30 ने आणि दुसऱ्या महिन्यात 26 ने भागतो, आणि मग पत्रव्यवहार सुरू होतो.

फिल्ड_ऑफिसर

मी एजन्सीच्या बाजूने काम करतो, म्हणून थोडे वेगळे सांगतो. भागाकाराचे वरचे म्हणणे मला मान्य आहे. रिलीव्हर दरात घेऊन पुन्हा 26 लावणारे बिल आमच्याही क्षेत्रात चांगले समजत नाहीत. पण सारांशात पाळ्या "भरलेल्या" म्हणजे काय, हे आपण नीट लिहिले नाही तर आपलीच फसगत होईल.

हजेरीपटावर सोळाच्या सोळा ड्युट्या भरलेल्या दिसतील. तो पट पाळीनुसार वाचू नका, नावानुसार वाचा. 14 तारखेच्या तिसऱ्या पाळीत मागच्या दाराला ज्याचे नाव आहे, तेच नाव 15 तारखेच्या पहिल्या पाळीत तळघरात दिसले, तर तो माणूस रात्री अकरापासून दुपारी तीनपर्यंत सलग उभा आहे. पॉइंट बदलल्यामुळे ते पटकन लक्षात येत नाही. दोन्ही सह्या एकाच वेळी, एकाच पेनाने केलेल्या असतील तर समजावे की पट महिनाअखेरीस बसून भरला आहे. पट ज्या वहीत असतो तिच्यासोबत दाराची चार्ज हस्तांतराची नोंदवही पाहावी, कारण किल्ल्या आणि वॉकीटॉकी कुणी कुणाला दिले हे तिथे वेळेसह असते आणि ते मागाहून जुळवणे अवघड जाते.

आणखी एक. डबल ड्युटी पूर्ण बंद करा असे लिहू नका. पालखी शहरात असते त्या दिवशी किंवा विसर्जनाच्या रात्री रस्ते बंद असतात, आणि पलीकडच्या टोकाहून येणारा रिलीव्हर वेळेवर पोहोचू शकत नाही. दिवाळीत तर निम्मी मुले गावी गेलेली असतात. त्या वेळी आधीच्या पाळीचा माणूस थांबला नाही तर दार उघडे राहील.

अनुजा_खराडी

याच मुद्द्यावर कराराचे कलम 12.5 आहे: "व्यवस्थापकाच्या लेखी परवानगीशिवाय सलग दुसरी पाळी ग्राह्य धरली जाणार नाही." ग्राह्य नाही म्हणजे त्या ड्युटीचे पैसे द्यायचे नाहीत, की ती रिकामी समजून दंडही लावायचा? माणूस प्रत्यक्ष उभा होता, हे नाकारता येत नाही.

फिल्ड_ऑफिसर

मला विचाराल तर पैसे द्यावेत. माणूस उभा राहिला, त्याला जादा कामाचे दुप्पट दराने वेतन देणे एजन्सीवर बंधनकारक आहे. आपण बिल कापले तर ते दुप्पट वेतन कुठून निघणार, हे आपणही जाणता. दंड एजन्सीला लागावा असे करारात असते, पण काही ठिकाणी तो शेवटी गार्डच्या पगारातून वळता होतो. म्हणून सारांशात एक ओळ असावी, की दंडाची कोणतीही रक्कम गार्डच्या वेतनातून कापली जाणार नाही आणि वेतनपत्रकात तशी कपात दिसल्यास बिल थांबवले जाईल.

हिशेबनीस

शेवटची ओळ अगदी योग्य आहे, ती जशीच्या तशी घ्यावी. पहिल्या भागाशी मी सहमत नाही. एजन्सीने रिलीव्हरचे पैसे दरात घेतले आहेत. रिलीव्हर न पाठवता थकलेल्या माणसालाच थांबवले, तर जी सेवा विकत घेतली ती मिळालीच नाही. परवानगी घेतलेली असेल तर साध्या दराने बिल, जादा वेतनाचा भार एजन्सीवर. परवानगी नसेल तर बिल नाही. असे माझे वाचन आहे, पण "ग्राह्य नाही" या शब्दांवरून दंडही लावता येतो असे मी ठामपणे म्हणणार नाही.

परवानगी कशी मागायची, हे मात्र सारांशात ठरवून टाका. रात्री अकरा वाजता लेखी पत्र कोण देणार? पाळी बदलण्यापूर्वी पर्यवेक्षकाने ठरलेल्या क्रमांकावर संदेश पाठवावा, त्यात पॉइंट, नाव आणि कारण असावे, आणि उत्तर आले तरच ती परवानगी. तो संदेश महिन्याच्या बिलाला जोडावा.

डेक्कन_वकील

दंडाबद्दल कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि भरपाई वाजवी असावी लागते. त्यामुळे सारांशात "दंड लागेल" एवढे लिहून थांबू नये. कोणत्या घटनेला, कोणत्या पुराव्यावर आणि एजन्सीला किती दिवसांत उत्तर देण्याची संधी देऊन, हे लिहावे. घटना घडली त्या पाळीतच नोंद झाली असेल आणि एजन्सीच्या पर्यवेक्षकाची तिच्यावर सही असेल, तर वाद क्वचितच वाढतो. महिनाअखेरीस आठवणीने बनवलेली यादी टिकत नाही.

आपल्या कराराची दंडाची कलमे येथे देता येतील का?

अनुजा_खराडी

कलम 12.3: पाळी सुरू झाल्यापासून दोन तासांत बदली गार्ड न आल्यास ड्युटी रिकामी समजली जाईल. रिकाम्या ड्युटीचे देयक दिले जाणार नाही, शिवाय एका ड्युटीच्या दराच्या दीडपट दंड आकारला जाईल. कलम 12.6: "या कलमाखालील एकूण वजावट मासिक देयकाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त असणार नाही." कलम 9.4 मध्येही, बिलाच्या नियमांत, न झालेल्या ड्युटीचे पैसे दिले जाणार नाहीत असे स्वतंत्रपणे म्हटले आहे.

हिशेबनीस

येथे एक गाठ आहे. समजा 30 दिवसांच्या महिन्यात चोवीस तासांच्या पॉइंटवर बारा ड्युट्या रिकाम्या राहिल्या. एका ड्युटीचा दर 28,000 भागिले 30, म्हणजे 933 रुपये 33 पैसे. न झालेल्या कामाचे पैसे 11,200. दीडपट दंड 16,800. दोन्ही मिळून बरोबर 28,000 होतात. मासिक देयक 4,44,000 धरले तर 5 टक्के म्हणजे 22,200.

न झालेल्या कामाचे पैसे हा दंड नव्हे, ते मुळात देणेच नाही. तसे वाचले तर मर्यादा फक्त 16,800 ला लागते, ती ओलांडली जात नाही आणि पूर्ण 28,000 वजा होतात. पण 12.3 मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्यामुळे एजन्सी म्हणेल की "या कलमाखालील एकूण वजावट" यात दोन्ही आल्या, म्हणून 22,200 पलीकडे कापू नका. म्हणजे 5,800 रुपयांचे काम न होताही त्याचे पैसे द्या.

डेक्कन_वकील

9.4 स्वतंत्र असल्यामुळे पहिले वाचन अधिक सबळ आहे, असे मला वाटते. तरी 12.3 मधील पुनरुक्तीमुळे दुसऱ्या वाचनालाही जागा राहते. मासिक देयक म्हणजे जीएसटीपूर्वीचे की नंतरचे, वजावटीपूर्वीचे की नंतरचे, हेही करारात नाही. सारांश लिहिणाऱ्याने हे स्वतः ठरवू नये. सारांशात "अर्थ निश्चित नाही, विधी विभागाचे उत्तर येईपर्यंत" असा शेरा ठेवून एजन्सीकडून लेखी खुलासा घ्यावा. सारांशाने करार बदलत नाही, आणि एकदा छापील सारांशावर चुकीचे वाचन आले की सगळे त्यालाच करार समजू लागतात. प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक द्यावा, हेही त्याचसाठी.

चाकण_प्लांट

बिलासोबत भविष्य निर्वाह निधीचे चलन मागण्याची अट आपल्याकडे आहे का? आमच्याकडे "त्याच महिन्याचे चलन जोडल्याशिवाय पैसे नाहीत" असे लिहिले होते आणि त्यावरून दर महिन्याला बिल अडकत असे.

हिशेबनीस

ही अट अनेक करारांत अशीच असते आणि ती पाळता येत नाही. एप्रिलचे चलन भरण्याची मुदत 15 मे, आणि एप्रिलचे बिल मेच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणून चालू महिन्याचा हजेरीपट व वेतनपत्रक आणि मागील महिन्याची चलने, असे लेखी मान्य करून घ्यावे. चलनाची नुसती एकूण रक्कम पाहून भागत नाही, कारण एजन्सीच्या सर्व ठिकाणांचे चलन एकच असू शकते. सोबतची नावनिहाय यादी घेऊन आपल्या हजेरीपटावरची नावे तीत आहेत का, ते पाहावे. पटावर असलेले आणि यादीत नसलेले नाव आढळले, तर मूळ नियोक्ता म्हणून ती जबाबदारी आपल्यापर्यंत येऊ शकते.

लेखा विभागासाठी आणखी एक ओळ: एजन्सी प्रोप्रायटरी किंवा भागीदारीतील असेल आणि आपली कंपनी जीएसटीत नोंदणीकृत असेल, तर 1 जानेवारी 2019 पासून सुरक्षारक्षक पुरवण्याच्या सेवेवरचा कर आपण स्वतः भरायचा असतो. एजन्सी कंपनी असेल तर ती नेहमीप्रमाणे बिलात लावते.

अनुजा_खराडी

आमची एजन्सी खासगी मर्यादित कंपनी आहे, त्यामुळे कर बिलातच येतो.

सर्वांच्या सूचनांनुसार बिलाचा भाग असा लिहिला आहे: "चोवीस तासांच्या पॉइंटची प्रत्येक पाळी पूर्ण महिना भरल्यास 28,000 रुपये, महिन्याचे दिवस कितीही असोत (परिशिष्ट ब, रिलीव्हर समाविष्ट). स्वागतकक्ष 24,000 रुपये, रिलीव्हर लागू नाही. रिकाम्या ड्युटीची वजावट त्या महिन्याच्या दिवसांनी भागून, स्वागतकक्षासाठी सोमवार ते शनिवारच्या दिवसांनी भागून (कलम 9.4). दंड वेगळ्या ओळीत दाखवावा, वजावटीत मिसळू नये (कलम 12.3). 5 टक्के मर्यादेचा अर्थ निश्चित नाही, खुलासा मागितला आहे (कलम 12.6)."

26 च्या भागाकाराबद्दल एजन्सीला पत्र पाठवले आहे. त्यांचे तोंडी म्हणणे असे, की स्वागतकक्षाचा दरही परिशिष्टात 28,000 च छापलेला आहे आणि तिथे वेगळा आकडा नाही, त्यामुळे 24,000 त्यांना मान्य नाहीत. हे खरे आहे. परिशिष्टात गार्डसाठी एकच दर आहे.

हिशेबनीस

मग स्वागतकक्षापुढेही 12.6 सारखाच शेरा ठेवा. रविवारी बंद असलेल्या पॉइंटला रिलीव्हरचा दर लावणे तर्काला धरून नाही, पण छापील दर त्यांच्या बाजूने आहे आणि हा फरक दरमहा 4,000 रुपयांचा आहे. भागाकाराच्या मोठ्या रकमेवर ते सहमत झाले, तर हा मुद्दा नूतनीकरणाच्या वेळी दुरुस्त करून घेता येईल.

फिल्ड_ऑफिसर

नूतनीकरणाचा विषय निघालाच आहे तर पर्यवेक्षकांची संख्या चार करून घ्या. तीनवर आमचा कुणीही माणूस सुट्टी घेऊ शकत नाही, आणि पट तपासायचा तो माणूसच सलग सोळा तास जागा असेल, तर वर लिहिलेली एकही नोंद वेळेवर होणार नाही.